कच्ची फाइल चाचणीत नापास झाली, म्हणजे उपकरण बिघडले असे नव्हे

आमच्या क्वांटम रँडम नंबर जनरेटरबद्दल सर्वाधिक येणारी तक्रार अशी असते की `raw.bin` ही फाइल NIST SP 800-22 च्या चाचण्यांत नापास झाली. उपकरण परत पाठवण्यात आणि तपासण्यात ग्राहकांचे दिवस वाया जातात, आणि बहुतेक वेळा ते निर्दोष निघते.

उपकरणात अत्यंत क्षीण केलेला प्रकाश अर्धपारदर्शक आरशावर पडतो. एखादा फोटॉन आरपार जाईल की परावर्तित होईल, हे मोजण्यापूर्वी कोणालाही सांगता येत नाही. एका बाजूच्या डिटेक्टरने नोंद केली तर ०, दुसऱ्या बाजूच्या डिटेक्टरने केली तर १. मात्र आरसा नेमका निम्मा-निम्मा प्रकाश वाटत नाही आणि दोन डिटेक्टर तंतोतंत सारखे नसतात. शिवाय एक नोंद झाली की तो डिटेक्टर क्षणभर आंधळा राहतो, त्यामुळे लगेच आलेला फोटॉन नोंदला गेलाच तर दुसऱ्याच बाजूला नोंदला जातो आणि ० नंतर १ येण्याची शक्यता किंचित वाढते.

समजा शून्यांचे प्रमाण ५३ टक्के आहे. मग दहा लाख बिटांत निम्म्यापेक्षा तीस हजार शून्ये जास्त येतील आणि वारंवारता चाचणी ती फाइल नाकारेल, जे योग्यच आहे. अशा प्रत्येक बिटातील अनिश्चितता, सर्वांत वाईट अंदाजाने, सुमारे ०.९१६ बिट असते. म्हणजे १०,००० कच्च्या बिटांत ९,१५९ बिट इतकीच खरी अनिश्चितता आहे. सुरक्षिततेसाठी आणखी १२८ वजा केल्यास टोप्लिट्झ हॅशिंगने ९,०३१ बिट काढता येतात. हे गणित प्रत्येक बिट स्वतंत्र मानून केलेले आहे, आणि वर सांगितलेल्या कारणामुळे तसे पूर्णपणे नसते. म्हणूनच आम्ही फक्त ८,१९२ बिट घेऊन ते `out.bin` मध्ये देतो. वेग कमी झाल्याची तक्रार आम्हाला मान्य आहे, पण हा आकडा वाढवण्याची आमची तयारी नाही.

उलट चूक अधिक महागात पडते. `out.bin` चाचण्यांत उत्तीर्ण झाली, एवढ्याने ती क्वांटम स्रोतातून आली असे सिद्ध होत नाही. चांगले सॉफ्टवेअर जनरेटरही त्याच चाचण्या उत्तीर्ण होतात. प्रकाशस्रोत बंद पडला तरी डिटेक्टर अंधारात अधूनमधून खोट्या नोंदी करतच राहतात, आणि हॅशिंगनंतर त्यांतूनही निर्दोष दिसणारी फाइल तयार होऊ शकते. यासाठी आमचे उपकरण दर सेकंदाला दोन्ही डिटेक्टरांच्या नोंदी स्वतंत्रपणे मोजते आणि त्या ठरलेल्या मर्यादेखाली गेल्या की बिट देणे थांबवते. स्वस्त उपकरण निवडताना ही सोय त्यात आहे का, हे आवर्जून विचारावे.

तक्रार करताना चाचणीचा निकाल न पाठवता `counts.log` आणि खोलीचे तापमान कळवावे. डिटेक्टर तापले की अंधारातील खोट्या नोंदी वाढतात, आणि ते त्या फाइलमध्ये आम्हाला बसल्या जागी दिसते.