विनोद समजावून सांगितला की हसू का येत नाही?

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानात भर दुपारी दोन वाजता अर्ध्या शटरखालून चोर आत शिरला. मालक गल्ल्यामागे आरामखुर्चीत पहुडले होते. चोरानं सुरा काढून दरडावलं, "असेल नसेल ते सगळं काढ!" मालकांनी डोळेही न उघडता सांगितलं, "चारनंतर या."

हा विनोद मराठी माणसांच्या घोळक्यात सांगितला तर बहुतेक जण हसतील. त्याच घोळक्यात कोणी चेन्नईहून नुकतंच आलेलं असेल, किंवा न्यू जर्सीत वाढलेला एखादा भाचा असेल, तर तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहील. मग कोणीतरी पुढे सरसावतं आणि सांगतं, "अरे म्हणजे बघ, पुण्यातल्या दुकानदारांना दुपारची झोप इतकी प्यारी असते की समोर चोर आला तरी ते त्याला गिऱ्हाइकासारखं परत पाठवतात." भाचा मान हलवतो, "ओके" म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. सांगितलं त्यातलं एक अक्षरही चूक नाही, तरी कोणालाच हसू येत नाही.

याचं कारण मानसशास्त्रात बऱ्यापैकी स्पष्ट झालेलं आहे. जेरी सल्स यांनी 1972 मध्ये विनोद समजण्याचे दोन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात ऐकणारा गोष्टीच्या ओघात पुढचा अंदाज बांधतो आणि शेवटची ओळ तो अंदाज मोडते. दुसऱ्या टप्प्यात तो मागे वळून शोधतो, की कोणत्या नियमानं ही ओळ बरोबर बसेल? तो नियम सापडला की हसू येतं, नाही सापडला तर नुसता गोंधळ उरतो. आपल्या विनोदात सुरा दिसताच डोक्यात दरोड्याचं चित्र उभं राहतं. आता मालक घाबरेल, ओरडेल किंवा पैसे काढून देईल असं वाटतं. "चारनंतर या" हे यातलं काहीच नाही. मग क्षणात ध्यानात येतं, की हे तर दुपारी दार ठोठावणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळणारं ठरलेलं उत्तर! दरोड्याचं चित्र जातं आणि त्या जागी दुकानाचं येतं.

ही अदलाबदल किती झटपट होते, ते डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मोजता येतं. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी 1980 मध्ये लोकांना वाक्यं वाचायला दिली. काहींचा शेवट विचित्र होता, उदाहरणार्थ 'त्यानं गरम पावाला मोजे लावले.' तो बेंगरूळ शब्द दिसल्यावर साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात ठळक ऋण लाट उमटली. पुढे 2001 मध्ये सीना कोल्सन आणि कुटास यांनी एका ओळीचे विनोद वापरले. ज्यांना विनोद नीट कळत होते त्यांच्या आलेखात 500 ते 900 मिलिसेकंदांच्या दरम्यान डाव्या बाजूला एक रेंगाळणारी लाट दिसली. ज्यांना ते फारसे कळत नव्हते त्यांच्या आलेखाची ठेवण वेगळी होती. चित्र बदलण्याचं काम या अर्ध्या-पाऊण सेकंदात चालतं, असा त्यांनी अर्थ लावला. समजावून सांगणारा मात्र त्याच कामाला पंधरा-वीस सेकंद घेतो, आणि तेही ऐकणाऱ्याऐवजी स्वतः करतो.

नेमकं काय हरवतं हे पाहायला आणखी एक युक्ती आहे. थॉमस शुल्ट्झ यांनी सत्तरच्या दशकात मुलांना मूळ विनोद आणि त्यातला एकेक भाग काढून टाकलेली रूपं ऐकवली. तोच प्रयोग आपल्या चोरावर करू. विसंगती, म्हणजे अंदाज मोडणारी ओळ, काढून टाकली तर मालक म्हणतील, "घे बाबा, पण मारू नकोस." यात कोड्यासारखं काही उरलंच नाही. आता विसंगती ठेवू आणि उकल, म्हणजे ती ओळ बरोबर बसवणारा नियम, काढून टाकू. समजा मालक म्हणाले, "सोलापूरला पाऊस पडतोय." धक्का बसला, पण त्यातून निघालं काहीच नाही. ज्याला पुण्याची दुपार माहीत नाही, त्याला मूळ विनोदही हुबेहूब असाच ऐकू येतो. "चारनंतर या" आणि "सोलापूरला पाऊस" यांत त्याच्या दृष्टीनं काडीचा फरक नसतो. (अगदी लहान मुलं दुसऱ्या रूपालाही खदखदून हसतात. उकलीवाचून चैन न पडणं साधारण सात-आठ वर्षांच्या पुढे सुरू होतं.)

आणि भाच्याला मिळालेलं स्पष्टीकरण? त्यात उकल आहे, पण धक्का नाही. निष्कर्ष आधी आणि गोष्ट मागाहून अशी ती मांडणी होती. मॅथ्यू हर्ली, डॅनियल डेनेट आणि रेजिनाल्ड अ‍ॅडम्स यांनी 2011 मध्ये असा विचार मांडला, की नकळत धरून चाललेली एखादी गोष्ट चुकीची होती हे आपलं आपल्याला उमगलं की मेंदू बक्षीस देतो, आणि विनोदाची मजा म्हणजे हे बक्षीस. हे मान्य केलं तर स्पष्टीकरणानं हसू का येत नाही हे वेगळं सांगायला नको. चूक दुसऱ्यानं दाखवली, दुरुस्तीही त्यानंच केली, मग बक्षीस कशाचं मिळणार?

म्हणून गोंधळलेल्या माणसाला समजावताना उकल त्याच्या हातात ठेवायची नाही. उकलीला लागणारा जो एक तुकडा त्याच्याकडे नाही, तेवढाच द्यायचा. त्यासाठी आधी गाडं कुठे अडलंय ते बघावं लागतं. "कळलं का?" हा प्रश्न इथे कुचकामी आहे, कारण चारचौघांत त्याला "हो" याशिवाय उत्तर येत नाही. त्याऐवजी विचारावं, "मालक असं का म्हणाले असतील, तुला काय वाटतं?" भाचा म्हणेल, "तिजोरीला टायमर असेल, ती चारला उघडत असेल." हे उत्तर अजिबात मूर्खपणाचं नाही. त्यानं दुसरा टप्पा प्रामाणिकपणे पार पाडला आहे, फक्त हाताशी योग्य माहिती नसल्यामुळे भलतीच उकल काढली आहे. ती खोडून न काढता बाजूला ठेवली, तर लवकर काम होतं.

आता माहिती, एका वाक्यात. "पुण्यातली जुनी दुकानं दुपारी एक ते चार बंद असायची, मालक जेवून वामकुक्षी घ्यायचे आणि कोणीही आलं तरी हेच सांगायचे." इथे थांबायचं. चोर, सुरा, गिऱ्हाईक, यांतलं काहीही उच्चारायचं नाही. मग शेवटची ओळ शब्द न बदलता पुन्हा म्हणायची, मालकांच्याच सुरात, आणि दोन-तीन सेकंद गप्प बसायचं. ही शांतता फार अवघड जाते. बहुतेक स्पष्टीकरणं इथेच फसतात, कारण सांगणाऱ्याला तेवढा वेळ धीर धरवत नाही आणि तो "म्हणजे कसं..." करून उरलेलं पाऊलही स्वतःच टाकतो. तरीही गाडं पुढे सरकलं नाही, तर विधान न करता प्रश्न करावा, "मालकांनी चोराला कोण समजून उत्तर दिलं?" त्यानंतरही नाहीच उमगलं, तर "गिऱ्हाईक" हा एक शब्द सांगून मोकळं व्हावं.

वाक्य एकच का? नवख्या माणसाला दिलेल्या माहितीतलं कामाचं काय आणि पाल्हाळ काय, हे निवडता येत नाही. पुणेरी पाट्या, पेठांचा इतिहास, दुपारचं ऊन, सगळं एका दमात सांगितलं की यातल्या कशावर विनोद फिरतोय, हे शोधण्याचं नवंच कोडं त्याच्यापुढे पडतं.

गोंधळलेल्या माणसाची आणखी एक अडचण असते, ती तो बोलून दाखवत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या रोजच्या गप्पांमधलं हसणं नोंदवलं, तेव्हा हसण्याच्या आधीचं वाक्य विनोदी म्हणता येईल असे प्रसंग वीस टक्क्यांच्याही आत निघाले. बाकीचं हसणं सोबतीचं, ओळखीचं, आपण एकमेकांचे आहोत हे सांगणारं. त्यामुळे ज्याला कळलं नाही तो एका विनोदाला मुकतो, आणि शिवाय घोळक्याबाहेर पडतो. लोक आपल्यालाच हसत नाहीत ना, ही शंकाही त्याच्या मनात येऊ शकते. म्हणून पहिलं वाक्य "पुणेकरांची टिंगल आहे ही" असं असलं तर बरं. कोणाला हसतायत ते कळलं की माणूस सैल होतो, आणि यानं उकलही फुटत नाही.

समजलं की नाही हे ताडायला हसू पुरत नाही, लोक भिडेखातर हसतात. तपशील बदलून पाहावा. "हाच चोर सकाळी अकराला आला असता तर?" ज्याला समजलं तो म्हणेल, मग मजा नाही. "चोराऐवजी आयकराचा अधिकारी आला तर?" तो म्हणेल, चालेल, उत्तर तेच. दोन्ही बरोबर आली तर विनोद कोणत्या खिळ्यावर टांगलाय हे त्याला कळलं आहे. त्यानंतरही तो हसत नसेल, तर त्याला तो आवडलेला नाही. अशा माणसाला पुन्हा समजावत बसणं हा निव्वळ त्रास आहे.

शब्दावरच्या कोटीत ही पथ्यं तितकीशी चालत नाहीत. डॉक्टर म्हणतात, "आजोबा, रोज अर्धा तास चालायला हवं," आणि आजोबा म्हणतात, "मला चालेल, सूनबाईंना विचारतो." नव्यानं मराठी शिकणाऱ्याला चालणं म्हणजे पायांनी चालणं एवढंच माहीत असतं. 'चालेल' म्हणजे 'हरकत नाही' असंही होतं, हे सांगितलं की उकल आपसूक बाहेर पडते, राखून ठेवण्यासारखं काही उरत नाही. इथे झटपट सांगून पुढे जावं.

चोराच्या विनोदातही, सगळं नीट केलं तरी भाचा खळखळून हसेलच असं नाही. पाच सेकंदांपूर्वी कळलेली गोष्ट माहिती असते, सवय नसते. आपण वर्षानुवर्षं बंद शटर पाहिलेलं असतं, म्हणून "चारनंतर या" ऐकताच ते चित्र न बोलावता येतं. त्याला ते मुद्दाम आठवावं लागतं, आणि त्या खटपटीत अर्धा-पाऊण सेकंद केव्हाच निघून जातो. त्यामुळे समजावलेल्या विनोदाचा हिशेब त्याच विनोदावर करू नये. तासाभरानं, जेवताना वगैरे, त्याच माहितीवरचा दुसरा विनोद न समजावता सांगावा: सदाशिव पेठेत एका आजोबांना न्यायला यमदूत आला, दुपारचे अडीच वाजले होते, बेलवर बोट ठेवणार तोच त्यानं घड्याळ पाहिलं आणि तो निमूट जिन्यात बसून राहिला.