पैसे भरण्याआधी टूर कंपनीची ‘सरकारमान्यता’ कशी तपासायची?

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या चौघांच्या कुटुंबाला मे महिन्यात काश्मीरला जायचं आहे. एका टूर कंपनीनं १,६०,००० रुपयांचं पॅकेज दिलंय आणि ४०,००० ॲडव्हान्स मागितलाय. पत्रकावर ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ असं छापलंय. मान्यतेचा कागद मागितला, तर व्हॉट्सॲपवर उद्यम प्रमाणपत्र आलं.

उद्यमवर भारत सरकारचं बोधचिन्ह असतं, म्हणून बहुतेक लोक इथंच थांबतात. पण उद्यम म्हणजे लघुउद्योग म्हणून मालकानं स्वतःच्या माहितीवर केलेली ऑनलाइन नोंदणी. शॉप ॲक्ट म्हणजे दुकानाची नोंद आणि जीएसटी म्हणजे कराची. सहली चालवण्याची पात्रता यांतल्या एकाही कागदासाठी तपासलेली नसते.

पर्यटनाची मान्यता केंद्रीय पर्यटन मंत्रालय देतं आणि ती वर्गवारीनुसार असते: ट्रॅव्हल एजंट, देशांतर्गत टूर ऑपरेटर, परदेशी पाहुण्यांना भारतात फिरवणारे इनबाउंड टूर ऑपरेटर, साहसी पर्यटन, पर्यटक वाहतूक. तिच्यासाठी व्यवसायाचा अनुभव, भांडवल, लेखापरीक्षित हिशेब आणि कार्यालय यांचे पुरावे द्यावे लागतात. मात्र ही मान्यता ऐच्छिक आहे, हे नीट लक्षात घ्या. ती नसलेला व्यावसायिक बेकायदा ठरत नाही, आणि कित्येक प्रामाणिक छोटे आयोजक ती घेतही नाहीत. संशय घ्यायचा तो मान्यता नसताना ‘आहे’ म्हणणाऱ्यावर.

म्हणून कंपनीकडं नेमकं मंत्रालयाचं मान्यतापत्र मागा आणि त्यावर चार गोष्टी वाचा: संस्थेचं पूर्ण नाव, वर्गवारी, कार्यालयाचा पत्ता आणि मुदत. पत्त्याकडं फार कमी लोक बघतात. मान्यता मुख्य कार्यालयाला मिळते. शाखेचा तपशील मंत्रालयाला कळवून तो स्वीकारला गेला, तरच ती शाखा त्यात येते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या नावाची पाटी लावलेलं कोल्हापुरातलं दुकान त्यांची शाखा आहे, फ्रँचायझी आहे की नुसता बुकिंग एजंट, हे इथंच कळतं. एजंट असेल, तर पैसे थेट मुख्य कंपनीच्या खात्यात भरून पावतीही तिचीच घ्या.

पत्राचा फोटो हा पुरावा नव्हे. पडताळणी मंत्रालयाकडूनच करायची. tourism.gov.in वरून मंत्रालयाच्या ‘निधी’ पोर्टलवर जाऊन नाव शोधा. निधीवर नुसती नोंद असणं वेगळं आणि मान्यता असणं वेगळं, त्यामुळं ‘आमचा निधी क्रमांक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. नाव सापडलं नाही किंवा पत्राशी जुळलं नाही, तर मुंबईत चर्चगेटजवळ मंत्रालयाचं ‘इंडिया टुरिझम’ कार्यालय आहे. पत्राची प्रत जोडून त्यांना ई-मेलनं विचारा. १३६३ ही पर्यटक हेल्पलाइनही आहे. तिथं हिंदीत बोलता येतं.

आता पुन्हा त्या कुटुंबाकडं येऊ. पॅकेजमध्ये ५ टक्के जीएसटी लावलाय, म्हणजे कंपनीकडं जीएसटी क्रमांक हवाच. उलाढाल कमी असलेल्या छोट्या आयोजकाकडं तो नसू शकतो, पण मग त्यानं ग्राहकाकडून जीएसटी घेताही येत नाही. क्रमांक services.gst.gov.in वर टाकला की कायदेशीर नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. महाराष्ट्रातला क्रमांक २७ नं सुरू होतो. सहावं अक्षर मालकी सांगतं: P म्हणजे एकट्या व्यक्तीचा व्यवसाय, F म्हणजे भागीदारी, C म्हणजे कंपनी. पत्रकावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि क्रमांकात P असेल, तर खुलासा मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

काश्मीरसाठी आणखी एक तपासणी करावी लागते. तिथली हॉटेलं, गाड्या बऱ्याचदा श्रीनगरचा स्थानिक ऑपरेटर बघतो. तिथं पर्यटन व्यवसाय नोंदणीचा १९७८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि ट्रॅव्हल एजंटांना तिथल्या पर्यटन विभागाकडं नोंदणी बंधनकारक आहे. त्यामुळं त्या स्थानिक ऑपरेटरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आधीच लिहून घ्या. ‘ते आम्ही नंतर ठरवतो’ असं उत्तर आलं, तर हॉटेलंही अजून ठरलेली नाहीत असं धरून चाला.

शेवटी पैसे भरताना यूपीआयवर दिसणारं नाव बघा. ते मान्यतापत्रावरच्या आणि जीएसटीच्या नावाशी जुळायला हवं. एकट्याच्या व्यवसायात मालकाचं नाव दिसू शकतं, पण ते जीएसटीच्या कायदेशीर नावाशी जुळलंच पाहिजे. पावतीवर तारखा, हॉटेलांची नावं आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे लिहून घ्या. मान्यता ही पैसे परत मिळण्याची हमी नाही. वाद झालाच, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात हीच पावती पुढं करावी लागते. कंपनी परगावची असली, तरी २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते.