फोल्डेबल फोनमध्ये आधी म्हातारं काय होतं?

"दोन लाख वेळा घडी घालून टेस्ट केलंय" असं वाचलं की आपण लगेच हिशोब मांडतो, दिवसाला शंभर वेळा उघडला तर दोन हजार दिवस, म्हणजे साडेपाच वर्षं, चला, निवांत. हिशोब बरोबर आहे, पण तो फक्त घड्या मोजतो. आणि बिजागरी, म्हणजे हिंज, बहुतेक वेळा आधी जात नाही. आधी जातो तो घडीवरचा प्लास्टिकचा थर आणि त्याखालचा गोंद. शिवाय ती टेस्ट मशीन करतं, स्वच्छ खोलीत, एकाच वेगाने. खिशातली धूळ त्यात नसते.

आता काच वाकते कशी ते बघू, कारण मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. कुठलीही पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधे कुठेतरी एक पातळी अशी असते की जिला ना ताण ना दाब. ताण किती येतो? जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. समजा त्रिज्या दीड मिलिमीटर आहे. साध्या फोनची 0.6 मिलिमीटरची काच तिथे वाकवायची म्हटलं तर पृष्ठभाग 20 टक्के ताणावा लागेल, म्हणजे तुकडेच. तीच काच 0.03 मिलिमीटर केली की ताण येतो 1 टक्का. तोही काचेला जडच, पण पोटॅशियमच्या मिठात बुडवून पृष्ठभाग आधीच दाबून ठेवलेली असली तर सहन होतो. सॅमसंगने 2020 च्या झेड फ्लिपमध्ये अशी अतिपातळ काच आणली, त्याआधीच्या 2019 च्या फोल्डचा पडदा निव्वळ प्लास्टिकचा होता.

पण पडदा म्हणजे एकटी काच नव्हे ना, वर प्लास्टिकची फिल्म, मग काच, खाली चित्र दाखवणारा ओएलईडीचा थर, त्याखाली आधाराचा पत्रा, आणि या सगळ्यांच्या मधे मऊ पारदर्शक गोंद. हे थर एकमेकांना घट्ट चिकटवले तर सगळं मिळून एक जाड पट्टी होते आणि वरच्या सूत्रातली जाडी वाढते. गोंद मऊ असला की कागदांची गड्डी वाकवल्यावर कागद एकमेकांवरून सरकतात तसे थर थोडे सरकतात, मग प्रत्येक थर आपापल्या पातळ जाडीनुसार वाकतो आणि प्रत्येकाची बिनताणाची पातळी वेगळी होते. अख्खा फोल्डेबल फोन या सरकण्यावर उभा आहे.

आणि मधली रेघ, म्हणजे क्रीज, तीही मुख्यतः इथूनच येते. गोंद आणि फिल्म तासन्‌तास ताणलेल्या अवस्थेत राहिले की त्यांचे लांबलचक रेणू हळूहळू नव्या जागी स्थिरावतात. फोन उघडल्यावर काही ताण लगेच सुटतो, काही सावकाश, थोडा कधीच नाही. म्हणून क्रीज किती वेळा मिटला यावरच नाही तर किती वेळ मिटलेला राहिला यावरही ठरते. रात्री उघडा ठेवला तर सकाळी ती थोडी कमी दिसू शकते, जाणार मात्र नाही. हेअर ड्रायर फिरवून क्रीज घालवायचा उपाय कुणी सांगितला तर हात जोडा, गोंद मऊ होईल आणि ओएलईडीची वाट लागेल.

थेंबाच्या आकाराची बिजागरी यावरच काम करते. मिटताना आत पोकळी सोडते, पडदा तिथे मोठ्या त्रिज्येत वळतो. त्रिज्या दुप्पट, ताण निम्मा, रेघ उथळ. "क्रीज नाहीच" ही जाहिरात मात्र समोरून उजेड टाकून काढलेल्या फोटोची असते. पडदा बंद करून तिरप्या उजेडात धरा, बोट फिरवा, कळेल.

वापरताना काय होईल? क्रीज पहिल्या काही महिन्यांत थोडी खोल होऊन साधारण स्थिरावते, तो बिघाड नाही. वर्ष-दोन वर्षांत घडीच्या रेषेवर फिल्मखाली बारीक बुडबुडे येऊ शकतात, म्हणजे गोंद सुटतोय. थंडीत हे लवकर होतं, कारण गार गोंद कडक होतो, थर सरकत नाहीत आणि सगळा ताण फिल्मवर जातो, तेव्हा कडाक्याच्या थंडीतून आल्यावर फोन झटकन उघडू नका. बुडबुडे दिसले तरी फिल्म नखाने सोलू नका. 2019 मध्ये पहिल्या फोल्डच्या काही परीक्षकांनी ती साधी स्क्रीन गार्ड समजून काढली आणि पडदे गेले. सर्व्हिस सेंटरला नुसती फिल्म बदलून मिळते का ते विचारा.

घाबरायचं कधी? घडीवर काळा ठिपका किंवा रंगीत उभी रेघ आली तर, ते ओएलईडीचं दुखणं आहे. उघडताना करकर वाजलं, पूर्ण सपाट होईना किंवा अर्धवट उघडा ठेवला की आपोआप मिटायला लागला तर बिजागरीत कचरा गेलाय किंवा तिची पकड गेली आहे. घेताना धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारा आयपी नंबर नीट वाचा: IPX8 मधल्या X चा अर्थ धुळीची टेस्ट जाहीर केलेली नाही, आणि IP48 मधला 4 फक्त 1 मिलिमीटरहून मोठे कण अडवतो. बारीक वाळू त्याहून कितीतरी लहान असते.