कटवर्कचे चौकोन आधी का विरतात?

परभणीला माझ्या मावशीकडे नांदेडच्या खादीचा एक टेबलक्लॉथ आहे. त्यावर कटवर्कची, म्हणजे कडा टाक्याने भरून आतलं कापड कापून काढलेली, तिरकी पानं आहेत आणि चौकोन आहेत. इतक्या धुण्यांनंतर पानं शाबूत आहेत, चौकोनांच्या कडांना मात्र धाग्यांच्या मिशा फुटल्या आहेत. टाका एकाच हाताचा, दोराही तोच. फरक आहे तो कापडाच्या विणीत.

उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांना नुसत्या घर्षणाने धरून असतात. धाग्याच्या रेषेत सरळ कापलं, की कडेला समांतर असलेल्या शेवटच्या धाग्याला बाहेरून काहीच अडवत नाही. आडव्या धाग्यांच्या तोकड्या टोकांवरून तो अख्खा सरकतो आणि मग पुढच्याची पाळी येते. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरक्या, कापलेल्या कडेला समांतर असा धागाच नसतो, म्हणून तिथून अख्खा धागा निघत नाही. गोल भोकातही वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चारच जागा आधी विरतात.

काजटाका या सरकण्याला आडवा बांध घालतो. आधी धावदोऱ्याच्या दोन ओळी आखायच्या, मग त्यांवर टाक्याला टाका भिडवून काज भरायचं. गाठीची कड कापायच्या भागाकडेच हवी. टाका किती खोल घ्यायचा, हे धागे मोजून ठरवावं. समजा, खादीत इंचाला ४० धागे आहेत. म्हणजे मिलिमीटरला जेमतेम दीड. २ मिलिमीटरच्या टाक्यात तीनच धागे येतात, ३ मिलिमीटरच्या टाक्यात साडेचार. इंचाला ९० धाग्यांच्या पॉपलिनमध्ये २ मिलिमीटरमध्येच सात येतात. मावशीने पॉपलिनचा टाका खादीवर घेतला होता.

भरून झाल्यावर कापड धुवायचं, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं. मग साबुदाण्याची पातळ खळ देऊन इस्त्री करायची. खळ धाग्यांच्या छेदांवर चिकटते आणि कापेपर्यंत त्यांना हलू देत नाही. चौकोनाच्या मध्यात कात्रीचं टोक घालून चारही कोपऱ्यांकडे चीर द्यायची. मग चारही तिकोनी पाकळ्या उलट्या बाजूला दुमडायच्या आणि छोट्या, वाकड्या टोकाच्या कात्रीने गाठींलगत कापायच्या. दुमडल्यामुळे गाठींची ओळ स्पष्ट दिसते.

मिशी दिसली तर ओढू नका. ओढल्याने टाक्याखालचाही धागा निघतो. ती नुसती छाटा. गाठच कापली गेली असेल, तर सुईच्या बोथट टोकाने कड चाचपल्यावर तिथला फास वर उचलला जातो. कापड पाण्यात घालण्याआधीच, चार टाके अलीकडून सुरू करून चार टाके पलीकडेपर्यंत नव्या दोऱ्याने भरून घ्यावं.

मावशीच्या नव्या कापडावर मी तेच चौकोन शंकरपाळ्यासारखे तिरके आखून दिले आहेत. उरेब कड ताणली जाते, म्हणून तिथे धावदोऱ्याच्या दोनऐवजी तीन ओळी घातल्या आहेत.