प्रोसेसरचा वेळ कोण खातो?

संगणकावर नेटवर्कमधून एखादी मोठी फाइल उतरत असताना तिचा प्रत्येक बाइट प्रोसेसर स्वतः वाहून नेतो, अशी समजूत बरीच रूढ आहे. लातूर-नांदेडच्या बाजारात संगणक घेणाऱ्याला ‘प्रोसेसर मोठा घ्या, डाउनलोड लवकर होईल’ असा सल्ला मिळतो, तो याच समजुतीतून. तिची परीक्षा हिशेबानेच करता येते. पुढचे आकडे उदाहरणासाठी मी ठरवून घेतले आहेत. आपल्या प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला 100 कोटी ठोके देते, त्याच्या प्रत्येक कामाला काही ठोके लागतात आणि नेटवर्क कार्डातून सेकंदाला 80 लाख बाइट येतात, असे धरू.

पहिली पद्धत पोलिंगची. यात प्रोसेसर ठरावीक अंतराने कार्डाला ‘काही आले का?’ असे विचारतो. आपल्या गल्लीत टँकर आला की नाही हे दर पाच मिनिटांनी कोपऱ्यावर जाऊन पाहावे, तसे हे आहे. एका विचारणेला 400 ठोके लागतात असे समजू. कीबोर्डला सेकंदाला 30 वेळा विचारले तर 12 हजार ठोके, म्हणजे 0.0012 टक्के वेळ जातो. तिथे पोलिंगला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्या कार्डात मात्र एका वेळी 16 बाइटच साठतात असे धरले, तर सेकंदाला 5 लाख वेळा विचारावे लागेल, कारण उशीर झाला की साठा भरून नवे बाइट वाया जातील. 5 लाख गुणिले 400 म्हणजे 20 कोटी ठोके, म्हणजेच 20 टक्के वेळ. माहिती कधी येईल हे आधी कळत नसल्याने, काहीही येत नसतानासुद्धा हा खर्च चालूच राहतो.

दुसरी पद्धत इंटरप्टची: माहिती आली की कार्डच प्रोसेसरला थांबवते. हातातले काम सोडणे, रजिस्टरमधील, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांतील, आकडे जपून ठेवणे, 16 बाइट उचलणे आणि पूर्वीच्या जागी परतणे, या सगळ्याला 600 ठोके धरू. त्यामुळे माहितीचा ओघ सुरू असताना 30 टक्के वेळ जातो, म्हणजे पोलिंगपेक्षाही जास्त! पण कार्ड एकूण वेळाच्या 5 टक्केच चालू असेल, तर सरासरी खर्च 1.5 टक्क्यांवर येतो. इंटरप्टचा फायदा रिकाम्या वेळातला आहे. गर्दीच्या वेळी तो महाग पडतो.

या दोन्ही पद्धतींत बाइट उचलण्याचे काम प्रोसेसरच करतो. डीएमए, म्हणजे डायरेक्ट मेमरी अॅक्सेस किंवा थेट मेमरी प्रवेश, नेमके हेच काम त्याच्याकडून काढून घेते. प्रोसेसर फक्त माहिती मेमरीत कोणत्या पत्त्यापासून ठेवायची आणि किती बाइट मावतील, एवढे लिहून देतो. त्यानंतर डीएमएचे सर्किट बसचा, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि कार्ड यांना जोडणाऱ्या सामाईक मार्गाचा, ताबा मागते, मिळताच काही बाइट थेट मेमरीत लिहिते, पत्ता पुढे सरकवते आणि उरलेली संख्या कमी करते. 1981 च्या आयबीएम पीसीमध्ये हे काम इंटेलची 8237 ही स्वतंत्र चिप करत असे. आज नेटवर्क कार्डातच तशी सोय असते. नेटवर्कवरची माहिती पॅकेट नावाच्या गठ्ठ्यांनी येते, आणि संपूर्ण पॅकेट मेमरीत उतरल्यावरच एक इंटरप्ट येतो.

पॅकेट 1,000 बाइटचे असेल तर सेकंदाला 8 हजार पॅकेट येतील. प्रत्येकाच्या तयारीला 1,000 आणि शेवटच्या इंटरप्टला 600 ठोके धरले, तर एकूण 1 कोटी 28 लाख ठोके, म्हणजे 1.28 टक्के वेळ जातो. आणि कार्ड 5 टक्केच वेळ चालू असेल तर 0.064 टक्के.

डीएमए अगदी फुकट मात्र नाही. बस त्याच्याकडे असताना प्रोसेसरला मेमरीसाठी क्षणभर थांबावे लागू शकते. शिवाय प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्याजवळच्या छोट्या वेगवान साठ्यात, त्याच पत्त्यावरची जुनी नक्कल उरली, तर मेमरीत नवी माहिती असूनही प्रोग्रामला शिळी माहिती दिसते. काही प्रोसेसरांत हार्डवेअर ही काळजी घेते. इतरत्र ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामने, ती नक्कल आधी रद्द करावी लागते. ते राहून गेले तर कधीतरीच प्रकटणारी आणि म्हणून शोधायला अत्यंत अवघड अशी चूक निर्माण होते. ‘एका क्लिकमध्ये संगणक वेगवान’ असे सांगणारी अॅप या व्यवस्थेला हातही लावू शकत नाहीत. त्यांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

आता वेग वाढवून पाहू. सेकंदाला एक अब्ज बिटच्या जोडणीवर 1,000 बाइटची सुमारे 1.25 लाख पॅकेट येऊ शकतात. त्यांना प्रत्येकी 1,600 ठोके लावले तर 20 कोटी होतात, म्हणजे डीएमए असूनही पुन्हा 20 टक्के वेळ गेला. यातले 7.5 टक्के केवळ इंटरप्टचे आहेत. म्हणून लिनक्समध्ये पहिल्या पॅकेटचा इंटरप्ट आला की त्या कार्डाचे पुढचे इंटरप्ट तात्पुरते बंद केले जातात, मेमरीत साचलेली पॅकेट पोलिंगने एकामागून एक उचलली जातात आणि रांग संपल्यावर इंटरप्ट पुन्हा सुरू होतात. एका इंटरप्टमागे सरासरी 25 पॅकेट उचलली गेली, तर 7.5 टक्क्यांचा खर्च 0.3 टक्क्यांवर येतो. बाइट वाहण्याचे काम तेव्हाही डीएमएच करत असते. आपल्या लिनक्स संगणकावर `/proc/interrupts` ही फाइल मोठ्या डाउनलोडच्या वेळी थोड्या अंतराने दोनदा वाचली, तर कार्डापुढचा आकडा किती वाढला ते दिसते, आणि `top` या कमांडमधील `hi` (हार्डवेअर इंटरप्ट) व `si` (सॉफ्टवेअर इंटरप्ट) या टक्केवारींवरून त्यात प्रोसेसरचा किती वेळ गेला ते कळते.