‘शुद्ध, केमिकल-फ्री’ पुसून काय लिहायचे? सेंद्रिय दुकानाची कॅप्शन आणि तिच्यामागची कागदपत्रे

सोलापुरात धान्य, पीठ, चटण्या विकणाऱ्या बचत गटांच्या आणि छोट्या दुकानांच्या कागदपत्रांचे काम मी करते. प्रदर्शनातला स्टॉल नाकारला किंवा ऑनलाइन विक्रीची यादी परत आली, की लोक माझ्याकडे परवाना घेऊन येतात. परवाना बहुतेक वेळा ठीकच असतो, अडते ती कॅप्शन. अन्न सुरक्षा कायद्यात ‘जाहिरात’ या शब्दात इंटरनेट, लेबल आणि बिलसुद्धा येते. त्यामुळे व्हॉट्सअॅप स्टेटसवर टाकलेली ओळ ‘सहज लिहिली होती’ म्हणून सुटत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे.

अन्न परवाना किंवा नोंदणी फॉसकॉस संकेतस्थळावर होते. मिळणारा १४ अंकी क्रमांक बिलावर छापायचा असतो. हे काम सोपे आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

आता शब्दांकडे येऊ. २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांप्रमाणे ‘शुद्ध’ हा शब्द फक्त एकाच घटकाच्या पदार्थाला लावता येतो, आणि त्यात बाहेरचे काही मिसळलेले नसावे. म्हणजे ज्वारीला तो लावता येईल, पण शेंगा चटणीला नाही. तिच्यात शेंगदाण्यांबरोबर तिखट, लसूण, जिरे, मीठ असते. चटणी कितीही चोख असली तरी तिथे घटकांची यादीच द्यावी लागते. ‘केमिकल-फ्री’ची अडचण वेगळी आहे. असे काही सिद्ध करणारी तपासणीच नाही. प्रयोगशाळा ठरावीक कीटकनाशकांची यादी घेऊन नमुना तपासते आणि त्यातले कोणते मोजण्याजोग्या पातळीत सापडले नाही एवढेच सांगते. यादीत नसलेल्या औषधाबद्दल तो अहवाल काहीच बोलत नाही.

‘सेंद्रिय’ हा शब्द मात्र प्रमाणपत्राचा आहे. २०१७ चे सेंद्रिय अन्न नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहेत. माल एनपीओपी, म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासण्याची, किंवा पीजीएस-इंडिया, म्हणजे गटातल्या शेतकऱ्यांनी एकमेकांची शेते तपासण्याची, या दोनपैकी एका पद्धतीने प्रमाणित असावा लागतो. शेतकरी स्वतः थेट ग्राहकाला विकतो तेव्हा सवलत आहे, पण दुकान म्हणजे शेतकरी नव्हे. ही सवलत आपल्यालाही लागू आहे असे समजून बरेच दुकानदार फसतात.

सगळ्यात जास्त अर्ज कुठे अडतात ते एका उदाहरणाने सांगते. होटगी रस्त्यावरच्या एका ताईंचे छोटे दुकान आहे. त्यांची कॅप्शन अशी होती: ‘१००% शुद्ध, केमिकल-फ्री, सेंद्रिय मालदांडी ज्वारी. आरोग्याची हमी!’ स्टॉलचा अर्ज परत आला आणि शेऱ्यात एवढेच लिहिले होते, ‘पुरावा जोडावा’. कोणता पुरावा, हे लिहायची तसदी कोणी घेतली नव्हती. शेरा लिहिणाऱ्याला दोन ओळी जास्त लिहायच्या होत्या, ताईंचे मात्र दोन आठवडे गेले.

ताईंकडे तीन कागद होते. पहिला, शेतकऱ्याने फोनवर पाठवलेला पीजीएस प्रमाणपत्राचा फोटो. त्यावर ‘ग्रीन’ असे लिहिले होते. हिरवा म्हणजे सेंद्रिय असा त्यांचा समज होता, आणि तो अगदी स्वाभाविक आहे. पण पीजीएस-ग्रीन म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे जाण्याचा मधला काळ. तो पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ मिळते. म्हणून ‘सेंद्रिय’ हा शब्द तिथेच खोडावा लागला. तुमच्याकडे असा फोटो असेल तर तारखेच्या आधी हा एक शब्द वाचा.

दुसरा कागद सातबारा. त्यावर खातेदाराचे नाव बरोबर होते, पण पिकाच्या रकान्यात ज्वारी नव्हती, कारण त्या हंगामात ई-पीक पाहणी झालीच नव्हती. सातबारा जमिनीची मालकी सांगतो. त्या वर्षी तिथे काय पेरले, हे पीकनोंद सांगते. हंगामाची मुदत गेली की शेतकऱ्याला ती नोंद मागे जाऊन सहज करता येत नाही. म्हणून माल ठरवतानाच नोंद झाली का ते विचारा. काढणीनंतर विचारून उपयोग नाही. ताईंच्या शेतकऱ्याने पुढच्या रब्बीत नोंद केली आणि त्या हंगामापासून त्यांनी नवी कॅप्शन लिहिली.

तिसरा कागद प्रयोगशाळेचा अहवाल. त्याच्या वरच्या भागात लिहिलेले असते की नमुना ग्राहकाने आणून दिला. म्हणजे निष्कर्ष त्या पुडीपुरता खरा. तो एका लॉटला जोडता आला तरच त्याचा उपयोग होतो. त्यासाठी पोत्यावर लॉट क्रमांक असावा आणि तोच क्रमांक नमुन्यासोबत लिहून द्यावा. ताईंचा जुना अहवाल कोणत्या पोत्याचा, हे सांगायला काहीच नव्हते.

आणखी एक कागद जवळपास कोणाकडेच नसतो. एनपीओपीचा माल घेणाऱ्यांनी नीट ऐकावे. शेताचे प्रमाणपत्र हे शेताचे असते. तुमच्या दुकानात आलेले पोते त्याच शेतातले आहे हे दाखवायला व्यवहार प्रमाणपत्र लागते, ज्यावर लॉट आणि वजन असते. प्रमाणपत्र गटाचे असेल तर गटातला एकटा शेतकरी त्याच्या जोरावर माल विकू शकत नाही, विक्री गटामार्फतच व्हायला हवी. शेतकरी भला माणूस असतो, तो खरेच सांगत असतो. तरी हा कागद नसेल तर ‘प्रमाणित’ लिहू नका. पोते फोडून दुकानात एक-एक किलोच्या पुड्या बांधल्या तर साखळी तिथे तुटते. त्या पुड्यांवर सेंद्रिय चिन्ह लावायचे असेल तर पुड्या बांधणाऱ्याचेही प्रमाणीकरण लागते.

मग ताईंनी काय लिहिले?

‘मालदांडी ज्वारी, रब्बी हंगाम. मंगळवेढा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून थेट घेतली, ई-पीक पाहणीत नोंद आहे. काढणी फेब्रुवारी. शेतकऱ्याच्या नोंदवहीप्रमाणे रासायनिक फवारणी नाही. लॉट ३, एकूण ६ क्विंटल, त्यातल्या नमुन्याचा तपासणी अहवाल दुकानात पाहायला मिळेल. सेंद्रिय प्रमाणपत्र अजून नाही.’

शेवटचे वाक्य घालायला त्या तयार नव्हत्या. ‘हे वाचून कोण घेईल हो?’ असे म्हणाल्या. मी आग्रह धरला, कारण फोटोत पीजीएस-ग्रीन दिसतेच, आणि ते लपवले तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. फवारणीबाबत ‘शेतकऱ्याच्या नोंदवहीप्रमाणे’ लिहायचे कारणही तेच आहे. ताईंनी शेतात उभे राहून पाहिलेले नाही. जे ज्याने सांगितले ते त्याच्या नावावर ठेवावे, आणि ती नोंदवही मागितली तर दाखवता यावी.

मंगळवेढ्याचे नाव घालताना एक लक्षात ठेवा. ‘मंगळवेढा ज्वारी’ला भौगोलिक मानांकन आहे. शेत त्या तालुक्यात असेल तर गावतालुका लिहिणे वेगळे, आणि मानांकनाचे चिन्ह छापणे वेगळे. चिन्हासाठी उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. मोहोळ किंवा बार्शीची ज्वारी मंगळवेढ्याची म्हणून विकणे तर उघड खोटे आहे.

लॉट बदलला की कॅप्शन बदलायची, हे ताईंना पहिल्याच महिन्यात जड गेले. लॉट ३ संपून लॉट ४ चे पोते उघडले तरी जुनी ओळ तशीच राहिली होती. आता पोते फोडताना त्या क्रमांक आधी वहीत लिहितात आणि मग फोनवरची कॅप्शन बदलतात. लॉट ४ चा नमुना अजून तपासायला गेलेला नाही, म्हणून त्या कॅप्शनमध्ये अहवालाचे वाक्य नाही.