एसआयपीच्या व्हिडिओआधी थोडं मागचं: युनिटचा भाव रोज का हलतो

स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला एक मुलगी दाखवायचीय, पहिला पगार झालाय, 2000 ची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठराविक रक्कम, लावलीय आणि तिसऱ्याच महिन्यात ॲपवर लाल आकडा बघून ती टरकलीय. तो लाल आकडा कुठून आला हे सांगायचं तर आधी जुनं थोडं सांगावं लागतं.

आपल्याकडे म्युच्युअल फंड सुरू झाला तो युटीआयपासून, 1964 ला त्यांची युएस-64 स्कीम आली, 10 रुपयांचं युनिट म्हणजे फंडातला एक हिस्सा, दरवर्षी डिव्हिडंड, आणि भाव जवळजवळ कधी पडतच नसे. त्यामुळे लोकांना ती एफडीसारखीच वाटायची. गोम अशी की तो भाव युटीआय स्वतः ठरवायची, आत शेअर्सची किंमत काय चाललीय त्याचा आणि भावाचा रोजचा संबंध नव्हता. मग 2 जुलै 2001 ला त्यांनी युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंदच केली, आणि नंतर खरा हिशोब बाहेर आला तेव्हा एनएव्ही, म्हणजे आतल्या गुंतवणुकीच्या किमतीवरून निघणारा एका युनिटचा भाव, 10 च्याही खाली निघाली. 2002 च्या जानेवारीपासून ती स्कीम एनएव्हीवर आली. म्हणजे भाव शांत दिसत होता, पैसे शांत नव्हते.

आता एनएव्ही कामाच्या प्रत्येक दिवशी जाहीर होते, म्हणून तो लाल आकडा दिसतो. आणि एसआयपी त्याच हलण्यावर चालते. समजा पहिल्या महिन्यात एनएव्ही 20, 2000 मध्ये 100 युनिट आले. दुसऱ्या महिन्यात 16 झाली तर 125 युनिट, तिसऱ्यात 25 तर 80. एकूण 6000 घातले, 305 युनिट आले, म्हणजे एक युनिट साधारण 19.67 ला पडलं, आणि तीन भावांची सरासरी मात्र 20.33 येते. स्वस्तात जास्त युनिट आले एवढीच गंमत आहे, बाकी जादू नाही. उद्या एनएव्ही 18 झाली तर त्याच 305 युनिटचे 5490 होतात, तोटाच. हे व्हिडिओत लपवायचं नाही, एसआयपीत तोटा होत नाही म्हणणारे खूप आहेत.

दर महिन्याला पैसे कापले जाणं हे पूर्वी एवढं सोपं नव्हतं बरं का, फॉर्मसोबत पुढच्या तारखांचे चेक सही करून द्यावे लागायचे, वर्षाचे बारा. मग बँकेतून आपोआप पैसे कापणारं ईसीएस आलं, आता नॅच किंवा यूपीआय ऑटोपेचा मँडेट असतो, म्हणजे पैसे कापायची एकदाच दिलेली परवानगी. त्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर फंडवाले सहसा दंड लावत नाहीत, तो हप्ता नुसता चुकतो, पण बँक मात्र मँडेट परत गेल्याचा चार्ज लावू शकते. म्हणून पगार 1 ला होत असेल तर तारीख 5 किंवा 7 ठेवा, कारण पगार एखाद दिवस मागेपुढे होतोच.